साडी करवतकाठी, रकान्यात मात्र भलतंच

प्रश्न: पवनीजवळच्या गावातून करवतकाठी साड्या ऑनलाइन विकते. वर्णन नीट लिहिलंय, तरी फिल्टर लावला की साडी दिसत नाही. एक तर "सांगितलं तशी नाही" म्हणून परत आली. मटेरियल, रंग, प्रसंग हे रकाने भरायचे कसे?

ताई, फिल्टर तुमचं वर्णन वाचत नाही, तो रकाना वाचतो. म्हणून क्रम उलटा करा. साडी समोर ठेवून आधी रकाने भरा आणि वर्णन त्यावरून लिहा.

सगळ्यात जास्त घोळ मटेरियलमध्ये होतो. करवतकाठीचं अंग कोशाचं असतं, काठ बहुधा सुती. विणकराला विचारायचं ते एवढंच, की अंगातला उभा धागा आणि आडवा धागा दोन्ही कोशाचे का? दोन्ही असतील तर Tussar Silk निवडा आणि वर्णनात "अंग टसर, काठ सुती" असं स्पष्ट लिहा. उभा धागा सुती असेल तर Silk Blend किंवा Cotton Silk. मग वर्णनातून "प्युअर" हा शब्द काढायलाच लागतो. Art Silk मात्र चुकूनही निवडू नका. आमच्याकडे एकानं ते "कलाकुसरीचं रेशीम" समजून निवडलं होतं. त्याचा अर्थ नकली रेशीम. शंका असली तर साडीतला सुटा धागा जाळून पाहा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटानं चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

माझीच फजिती सांगतो. वेळ वाचवायला मी सुती साडीची जुनी लिस्टिंग कॉपी केली आणि नाव, फोटो, वर्णन बदललं. खाली धुण्याच्या रकान्यात Machine Wash तसंच राहिलं, प्रसंगात Daily. वर्णनात मी "ड्रायक्लीनच करा" लिहिलं होतं, पण गिऱ्हाइकानं रकाना पाहून साडी मशीनमध्ये टाकली. पैसे परत द्यावे लागले, आणि तिचं चुकलं असंही म्हणता येईना. तेव्हापासून कॉपी केली की प्रत्येक रकाना आधी रिकामा करतो.

रंगाच्या रकान्यात यादीतला जवळचा साधा रंग घ्या. न रंगवलेला कोसा मधासारखा दिसतो, त्याला Beige चालतं. Yellow टाकलं की हळदीसारखी पिवळी शोधणारी बाई येते आणि साडी परत पाठवते. "मधाळ, काठ मरून" हे वर्णनात लिहा. फोटो दिवसाच्या उजेडात काढा. ट्यूबलाइटखाली कोसा वेगळाच दिसतो.

प्रसंगात सगळ्या खुणा करायचा मोह होतो. Festive आणि Wedding पुरे. तुमच्या वर्णनात "रोज नेसायला हलकी" असं असेल, तर एक तर ते काढा, नाही तर रकाना बदला.

परत आलेल्या साडीचं कारण पॅनलवर दिसतं. तिथं रंग लिहिलाय की कापड, ते आधी बघा. तोच रकाना पहिल्यांदा दुरुस्त करा.