१८ हजारांआधी ४०० रुपयांचा मीटर

प्रश्न: निफाड तालुक्यात वस्तीवर राहतो, पगार ३४ हजार. गेल्या वर्षी ८५ हजारांचा गेमिंग पीसी घेतला. इलेक्ट्रिशियनने एकदा व्होल्टेज मोजलं तर १७२ निघालं, रात्री उशिरा २५० होतं. आसपासच्या पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की पीसी आपोआप रीस्टार्ट होतो. दुकानदार सर्व्हो स्टॅबिलायझर आणि यूपीएस मिळून १८ हजार सांगतोय. बचत ४५ हजार आहे. घेऊ का?

उत्तर: दोन्ही घेऊ नका. स्टॅबिलायझर पूर्ण वगळा. एक चांगला यूपीएस घ्या, साडेसहा-सात हजारांच्या आत काम होईल.

कारण सांगते. तुम्हाला १७२ चा आकडा घाबरवतोय, पण पीसीला तो तेवढा त्रास देत नाही. चांगल्या कंपनीच्या एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, इनपुट १००-२४० व्होल्ट असं छापलेलं असतं. कॅबिनेट उघडून तेवढं स्टिकर वाचा. ते तसं असेल, तर १७२ वर तो मुकाट चालतो. त्यावर २००-२४० लिहिलेलं असेल किंवा मागे लाल रंगाचा ११५/२३० असा खटका असेल, तर मात्र पहिले चार-पाच हजार नव्या एसएमपीएसला द्या. स्वस्त एसएमपीएस जाताना मदरबोर्डलाही घेऊन जाऊ शकतो, आणि अशा नुकसानीला वॉरंटी सहसा हात लावत नाही.

मग रीस्टार्ट का होतो? लाइट आली की ऑटो-स्टार्टर लावलेल्या मोटारी एकदम उठतात आणि क्षणभर व्होल्टेज पार खाली बसतं. पूर्ण लोडवर एसएमपीएस आपल्या साठ्यावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. खड्डा त्याहून लांब असला की पीसी बंद पडून पुन्हा सुरू होतो. सर्व्होची मोटार सावकाश फिरून व्होल्टेज सुधारते, ती इथे पोहोचेपर्यंत पीसी पडलेला असतो. यूपीएस साधारण ४ ते १० मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो. तुमचं दुखणं याच औषधाने जाईल. शिवाय लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसच्या पोटात स्वतःचा छोटा स्टॅबिलायझर असतो. बऱ्याच मॉडेलमध्ये तो साधारण १४० ते २९० व्होल्टपर्यंत बॅटरी न वापरता निभावतो, म्हणजे दुकानदार तीच गोष्ट दोनदा विकतोय.

आकार निवडताना व्हीएवर जाऊ नका, वॉट विचारा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो. मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी खेळताना मॉनिटरसकट ३००-३५० वॉट ओढतो, म्हणजे तो काठावर येतो आणि नेमका लढाईच्या मध्यात ओव्हरलोड होऊन बंद पडतो. १००० किंवा ११०० व्हीएचा, ६०० वॉटच्या आसपासचा घ्या. तो खेळत बसायला नाही, सेव्ह करून नीट बंद करायला आहे. पाचेक मिनिटं मिळाली तरी पुरे.

आता हिशेब. यूपीएस साडेसहा हजार आणि अडीच-तीन वर्षांनी बॅटरी बदलायला दोन हजार धरले, तर पाच वर्षांत साडेआठ हजार, म्हणजे महिन्याला सुमारे १४२ रुपये. ८५ हजारांच्या वस्तूसाठी ते मला पटतात. १८ हजार म्हणजे तुमच्या बचतीचा ४० टक्के. वस्तीवर दवाखाना, गाडी असं काही अचानक निघालं, तर तो पैसा हाताशी असायला हवा.

पण पैसे देण्याआधी ४०० रुपयांचा प्लगमध्ये बसणारा व्होल्टमीटर आणा आणि आठवडाभर दिवसातून चार वेळा आकडा वहीत लिहा. तुमच्या घरचा पंप चालू झाल्यावरच आकडा पडत असेल, तर दोष बहुधा तुमच्याच सर्व्हिस वायरमध्ये किंवा सैल जोडणीत आहे, तो आधी काढा. रोज तासन्‌तास १४० च्या खाली राहत असेल, तर यूपीएस सतत बॅटरीवर जाईल आणि बॅटरी वर्षभरात बसेल. तेव्हा वहीतल्या नोंदी घेऊन महावितरणकडे १९१२ वर तक्रार करा, खरेदी नंतर. घरातले काही दिवे भगभगीत आणि काही मंद दिसले, तर न्यूट्रल सुटलाय असं समजा. तसं असेल तर व्होल्टेज ३००-४०० पर्यंत चढू शकतं. लगेच मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा, हे यूपीएसच्या भरवशावर सोडायचं नाही. बोर्डात ओव्हर-व्होल्टेज कटऑफ लावून घेतला तर फ्रीज आणि टीव्हीही वाचतात. अर्थिंगही त्याच फेरीत तपासून घ्या.

घरी साइन वेव्ह इन्व्हर्टर आधीच असेल, तर त्याचा खटका यूपीएस मोडवर टाकून पाहा, कदाचित काहीच घ्यावं लागणार नाही. मात्र त्या मोडमध्ये तो साधारण १८० च्या खाली लगेच बॅटरीवर जातो, तुमच्या १७२ ला ते अडचणीचं आहे.

दुकानदाराशी बदलून द्यायची अट आधीच बोलून ठेवा. यूपीएस घरी आणला की पूर्ण चार्ज करा, जड गेम चालू करा आणि भिंतीतला प्लग काढा. काही एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची ओबडधोबड वेव्ह मानवत नाही. पीसी तरीही बंद पडला तर तोच यूपीएस परत करून शुद्ध साइन वेव्हचा मागा. त्याला दहा हजारांच्या पुढे जावं लागेल, आणि ते फक्त ही चाचणी नापास झाली तरच.