लस दिलेल्या रात्री बाळाला ताप, आणि आईचा डोळा लागत नाही

"मॅडम, मीच त्याला इंजेक्शन द्यायला नेलं, रात्री ताप चढला, आता मी झोपले आणि त्याला काही झालं तर?"

डिचोली, फोंडा, पेडणे, कुठूनही आलेली असो, पहिलटकरणीकडून मी हे सारखं ऐकते. त्यातल्या एकीला मुक्ता म्हणूया. साडेतीन महिन्यांचा पेंटाव्हॅलंट लसीचा तिसरा डोस सकाळी आरोग्य केंद्रात झाला, संध्याकाळी बाळ किरकिरायला लागलं, आठला ताप 101. नर्सबाईंनी वजन बघून पॅरासिटामॉलचे थेंब लिहून दिलेले ते पाजले, सासूबाई म्हणाल्या, "येतोच गो ताप, नीज तू." पण ही पहाटेपर्यंत दर पाच-दहा मिनिटांनी थर्मामीटर लावत बसली.

मी विचारलं, "आकडा बघून एकदा तरी काही वेगळं केलंस?"
"नाही."
"मग बघितल्यावर काय व्हायचं?"
"दोन मिनिटं बरं वाटायचं. मग परत भीती."

माझ्या मते सगळं इथेच आहे. तपासल्याने भीती जात नाही, तिला दोन मिनिटांची सुट्टी मिळते आणि मग ती जास्त जोराने परत येते. पण मुक्ताचं एवढ्यावर सुटलं नाही. पुढच्या एका भेटीत ती हळूच म्हणाली, "त्याची मांडी मीच धरली होती ना."

मी थोडा वेळ काही बोलले नाही. मग विचारलं, "का धरलीस?"
"डांग्या खोकला, घटसर्प होऊ नये म्हणून." आणि ती रडायला लागली, खूप वेळ. ती जागरण करत नव्हती, स्वतःला शिक्षा देत होती, हे त्या दिवशी आम्हा दोघींना कळलं, आणि ते तिच्याच तोंडून निघालं याचं मला आजही समाधान आहे.

पुढे कधी लसीनंतर असा ताप आला तर काय करायचं ते आम्ही आधीच ठरवलं. हा ताप बहुतेक पहिल्या 24 तासांत येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेलंच, दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम आणि दोन डोसांत किमान 4 ते 6 तास, म्हणून आधीच्या डोसची वेळ कागदावर लिहायची. थर्मामीटर औषधाच्या पुढच्या डोसच्या वेळी किंवा बाळ वेगळं वाटलं तरच लावायचा, मधे बाळाकडे बघायचं, दूध ओढतंय का, हाक मारली की बघतंय का. अर्धी रात्र नवऱ्याची, आणि त्या वेळात तिने दुसऱ्या खोलीत झोपायचं.

दूध घेत नाही, उठवूनही सुस्तच आहे, तीन तास न थांबता रडतंय, ताप 102 च्या वर आहे किंवा दोन दिवसांनंतरही आहे, तर डॉक्टरांकडे. झटका आला किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट 108. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर थेंब पाजायच्या आधीच डॉक्टरांना फोन करा. आणि ताप उतरून दोन आठवडे झाले, बाळ शांत झोपलंय तरी तुमचा डोळा लागत नाही, असं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, बाळंतपणानंतरच्या या चिंतेवर उपचार आहेत.