बाबांच्या चिठ्ठीचा मसुदा

इंदूर, मंगळवार

बेटा, अनेक आशीर्वाद.

बाबांना निवृत्तीच्या वेळी ऑफिसनं घड्याळ दिलं, त्याच्या आभाराचा बाबांच्या नावानं तू लिहिलेला मसुदा वाचला. ‘आपण सर्वांनी दिलेल्या अमूल्य भेटीबद्दल मी आपला ऋणी आहे’ या वाक्यात चूक काही नाही. पण घड्याळाऐवजी इस्त्री मिळाली असती, तरी तेच वाक्य चाललं असतं. चिठ्ठी वाचताना ज्यांनी वर्गणी काढली, दुकानं पालथी घातली, त्यांना आपली वस्तू दिसली पाहिजे.

मी निवृत्त झाले तेव्हा मला माहेश्वरी साडी मिळाली. घरी आल्या आल्या आभार लिहायला बसले आणि तुझ्यासारखंच लिहिलं. मग कागद बाजूला ठेवला. आठ दिवसांनी भाचीच्या साखरपुड्याला ती साडी नेसले, आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठी सहज झाली. आमच्याकडे निम्मे लोक मराठी न वाचणारे, म्हणून मी ती हिंदीत लिहिली होती. बाबांनीही हिंदीतच लिहावी. मराठीत लिहिली तर चारजण खूश होतील आणि बाकीचे ‘क्या लिखा है भिया’ विचारत फिरतील. तुझ्यासाठी माझी मराठीत उतरवते:

‘तुम्ही दिलेली साडी काल भाचीच्या साखरपुड्याला नेसले. जांभळा रंग मी स्वतः कधी घेतला नसता. सगळ्या बायकांनी विचारलं, कुठून आणली? मी म्हटलं, ऑफिसनं आणली. काठ दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे घाईत उलटी नेसले असते तरी कुणाला कळलं नसतं, आणि माझी घाई तुम्हाला ठाऊक आहे. जेवणाची सुट्टी सोडून जे बाजारात गेले, ज्यांनी टेबलाटेबलावर लिफाफा फिरवला, ज्यांनी त्यात काही ना काही घातलं, त्या सगळ्यांचे आभार. चार वाजता घरी चहा करते, पण हाका मारायला कुणी नसतं.’

एवढंच. कागदाची एक बाजूसुद्धा भरली नाही. किंमतीचा उल्लेख त्यात नाही, ‘अमूल्य’ हा शब्दही नाही. लिफाफ्यात कुणी 500 घालतो, कुणी 50. किंमतीकडे बोट दाखवलं की 50 वाला खाली बघतो.

आता माझी चूक सांगते. या मजकुराच्या आधी मी एक खर्डा केला होता, त्यात नऊ जणांची नावं होती. मैत्रिणीला वाचून दाखवला तर ती म्हणाली, लिफाफा कोणी फिरवला होता? पाणी भरणाऱ्या रोजंदारीच्या मुलानं. त्याचंच नाव राहिलं होतं! चिठ्ठी तशीच गेली असती तर तो काही बोलला नसता, पण पुढच्या वेळी लिफाफा दुसऱ्यानं फिरवला असता. म्हणून मी नावं काढली आणि कामं लिहिली. नावांची यादी केलीस की कुणीतरी सुटतंच. बाबांना एखादं नाव घ्यायचंच असेल, तर त्या माणसाला वेगळी चिठ्ठी द्यावी.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकून मोकळं व्हायचं, असं तू म्हणतेस. त्या संध्याकाळी ग्रुपवर हार-शालीचे फोटो, फुलं आणि हात जोडलेल्या आकृत्या यांचा पूर असतो. त्यात आभार वाहून जातात. शिवाय शिपाई, सफाईवाल्या बाई, रात्रीचा चौकीदार बहुतेक ग्रुपात नसतातच. कागदावर लिही, बाबांच्या अक्षरात. तुझं अक्षर तिथं कुणी ओळखत नाही. देवासला बदलून गेलेल्या कुणी तिथून पैसे पाठवले असतील तर त्यांना तेवढा फोटो पाठव.

एक अडचण मला दिसते. बाबांच्या मनगटावर अजून जुनंच घड्याळ आहे, मी रविवारी पाहिलं. नवं आवडलं नसेल तर ‘फार आवडलं’ लिहू नकोस. ज्यांनी ते निवडलं, ते भेटल्यावर आधी मनगटच बघतील. खरं काय ते विचार. आईनं ते देवघरात ठेवलं असेल तर तेच लिही, त्यात गंमत आहे. काटे मोठे असल्यामुळे चष्म्याशिवाय दिसत असतील तर तेही पुरे. मात्र पेन्शनच्या कागदांची तक्रार, नव्या साहेबांना सल्ले, ‘आमच्या वेळी’ हे काही त्यात घुसू देऊ नकोस. बाबा सांगतील, तू ऐकून घे आणि लिहू नकोस.

दोन-चार दिवस घड्याळ वापरू दे, मग लिही. चिठ्ठी साहेबांच्या हातात देऊ नकोस; ते खणात ठेवतील. डाक सांभाळणाऱ्या बाईंकडे दे, चहाच्या थोडं आधी. त्या सगळं मोठ्यानं वाचतात.

तुझी काकू