नीरजा, हेमा, जाई, ऋतुजा: लिहिताना काय बदलतं?

प्रश्न: मुलीचं नाव फूल, रत्न, नदी किंवा ऋतूवरून ठेवायचं आहे. स्पेलिंग बदललं की अर्थही बदलतो का?

देवनागरीत बदलतो. इंग्रजीत वेगळीच पंचाईत होते, दोन निराळी नावं एकसारखी दिसू लागतात. म्हणून आधी देवनागरी पक्कं करा.

नीरजा घ्या. नीर म्हणजे पाणी, त्यात जन्मली ती नीरजा, म्हणजे कमळ. याच नावाची दुसरी फोडही होते: निर् + रज, जिच्यावर धुळीचा कण नाही अशी. संस्कृतात दोन र लागोपाठ आले की पहिला गळतो आणि त्याच्या आधीची इ दीर्घ होते. (निरंजनमध्ये निर् च्या पुढे अ येतो, म्हणून तिथे नि ऱ्हस्वच राहते.) म्हणजे कुठलाही अर्थ धरा, नी दीर्घच हवी. शाळेच्या दाखल्यावर 'निरजा' झालं की कमळही गेलं आणि निर्मळपणाही.

एका मात्रेनेही बरंच बिघडतं. हेमंत ऋतूवरून हेमा ठेवलं असं सांगणारे भेटतात, पण हेम म्हणजे सोनं. हेमंताचं नातं हिमाशी, थंडीशी आहे. थंडीत जन्मलेल्या मुलीसाठी हिमा किंवा हैमंती जास्त नेमकं. मुक्ताचं मात्र अक्षर न हलवताच दोन अर्थ निघतात: मोती, आणि बंधनातून सुटलेली. मला हे नाव त्यासाठीच आवडतं.

नद्यांमध्ये शरयू पाहा. अयोध्येच्या नदीचं रूढ संस्कृत रूप सरयू, पण मराठी घरांत शरयू इतकं रुळलंय की त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही.

आता इंग्रजी. जाईचं Jai केलंत तर महाराष्ट्राबाहेर सगळे 'जय' वाचणार आणि मुलगा समजणार. Jaai किंवा Jaee लिहिलेलं बरं. कृष्णा नदीवरून नाव ठेवलं तरी Krishna लिहिल्यावर कृष्ण आणि कृष्णा यांतला फरक उरत नाही, त्यावर स्पेलिंगचा चांगला उपाय नाही. ऋतुजाचा घोळ उच्चाराचा आहे. आपण ऋ चा उच्चार रु करतो, हिंदीवाले रि, म्हणून इकडे Rutuja आणि तिकडे Rituja. घरी जे म्हणता तेच लिहा. फक्त देवनागरीत 'रुतुजा' करू नका, ऋतूऐवजी पायात रुतलेला काटा आठवतो, मला तरी.

महाराष्ट्रात जन्मदाखल्यावर नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापतात. नाव ठरलं नसेल तर जन्माची नोंद नावाशिवाय होते आणि नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. तेव्हा घाई नको. अर्ज देताना दोन्ही ओळी स्वतः लिहून द्या आणि दाखला हातात आला की खिडकीवरून हलण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ तपासा.