रोस्टमास्टर आणि सूत्रसंचालक

प्रश्न : ‘रोस्ट’च्या कार्यक्रमातल्या होस्टला मराठीत ‘सूत्रसंचालक’ म्हटलं तर चालेल का, की ‘रोस्टमास्टर’च ठेवावं? आणि ‘रनिंग ऑर्डर’ म्हणजे कार्यक्रमपत्रिकाच ना?

रोस्ट म्हणजे एका उत्सवमूर्तीला मंचावर बसवून बाकीच्यांनी एकेक करून त्याची जाहीर थट्टा करायची, असा कार्यक्रम. बातमीत एका ओळीचा उल्लेख असेल तर ‘सूत्रसंचालक’ चालेल. कार्यक्रमाबद्दल नीट लिहायचं असेल तर मी ‘रोस्टमास्टर’ ठेवीन, कारण दोघांचं काम वेगळं आहे. आपला सूत्रसंचालक वक्त्याची ओळख करून देतो ती त्याचा मान वाढवण्यासाठी. रोस्टमास्टर ओळखीतच वक्त्याला पहिला टोला देतो. तो स्वतःही रोस्ट करणाऱ्यांपैकीच एक असतो. मुंबईत वरळीला डिसेंबर 2014 मध्ये एआयबी या विनोदकारांच्या गटाचा ‘नॉकआउट’ हा रोस्ट झाला, तेव्हा ही जागा करण जोहरकडे होती. त्याच्यावरही विनोद झाले, आणि त्यानेही ते केले.

त्याचं सुरुवातीचं मनोगत म्हणजे प्रास्ताविक नव्हे. मंचावरच्या प्रत्येकाला आणि शेवटी उत्सवमूर्तीला एकेक फटका देऊन तो त्या रात्रीची मर्यादा आखतो. घटस्फोटावर बोलायचं का, बुडालेल्या धंद्यावर बोलायचं का, हे प्रेक्षकांना त्यातून कळतं. इथे एक मोठी चूक होऊ शकते. होस्टने सगळे ठळक विषय स्वतःच वापरून टाकले, तर पुढच्यांच्या हाती शिळा माल उरतो.

पण त्याचं खरं कौशल्य दोन वक्त्यांच्या मधल्या अर्ध्या-एक मिनिटात दिसतं. एखाद्याचं सादरीकरण पडलं, तर ते पडल्याचं उघड सांगून त्यावरच एक हशा मिळवायचा आणि सभागृह मोकळं करायचं. एखादा फार रंगला, तर लगेच पुढच्याला उभं करायचं नाही; टाळ्या ओसरू द्यायच्या, पुढच्यावर एक छोटा विनोद करायचा आणि मगच त्याला बोलवायचं. मे 2024 मध्ये नेटफ्लिक्सवर थेट दाखवलेल्या अमेरिकन फुटबॉलपटू टॉम ब्रेडीच्या रोस्टमध्ये किम कार्दाशियन बोलायला लागताच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्या वेळी होस्ट केविन हार्टने लोकांना आवरलं. थेट प्रक्षेपणात ते संपादनावर सोडता येत नाही.

आता क्रम. आपल्याकडे सभेत अध्यक्ष शेवटी बोलतात, मुशायऱ्यात ज्येष्ठ शायर शेवटी वाचतो. तिथे क्रम मानाने ठरतो. रोस्टमध्ये तो हशाने ठरतो. सात वक्ते आहेत असं धरू : चार मुरलेले विनोदकार, दोन खेळाडू आणि एक अभिनेत्री. पहिला असावा पक्का विनोदकार, मग तो सर्वांत प्रसिद्ध नसला तरी हरकत नाही. होस्टने तापवलेलं सभागृह त्याने थंड केलं, तर पुढच्या दोघांना ते पुन्हा तापवावं लागतं. दुसरा खेळाडू, तिसरा विनोदकार, चौथी अभिनेत्री, पाचवा विनोदकार, सहावा दुसरा खेळाडू. विनोद हा ज्यांचा पेशा नाही असे दोघे लागोपाठ आले की गती तुटते, म्हणून त्यांना असं मधेमधे बसवायचं. सातवा सर्वांत जहाल, कारण त्याच्यानंतर उत्सवमूर्तीच्या उत्तराखेरीज काही उरत नाही.

क्रमाचा परिणाम मजकुरावरही होतो. ब्रेडीचा घटस्फोट त्या रात्री अनेकांनी घेतला. असा विषय पहिल्याला ताजा मिळतो. पाचव्याने तो काढला की विनोद कुठे जाणार हे प्रेक्षकांनी आधीच ओळखलेलं असतं. लोक हसण्याऐवजी टाळ्या वाजवू लागले किंवा शेवटच्या शब्दाआधीच हसले, की विषय संपला असं समजावं. मग त्या वक्त्याने विनोद गाळावा किंवा आधीच्याच्या विनोदाला जोडून त्याला नवं वळण द्यावं. म्हणून तालमीच्या वेळी कोण कोणत्या विषयाला हात घालतोय हे एका माणसाने टिपून ठेवावं लागतं.

पुढे काय येणार हे ओळखण्याच्या प्रेक्षकांच्या याच सवयीचा उलटा वापर विनोदकार नॉर्म मॅकडोनाल्डने 2008 मध्ये विनोदकार बॉब सॅगेटच्या रोस्टमध्ये केला. बाकीचे कमालीचं अश्लील बोलत असताना त्याने मुद्दाम जुनाट, निरुपद्रवी कोट्या संथपणे वाचल्या. आजूबाजूला तो जहालपणा नसता तर त्या कोट्या नुसत्याच पडल्या असत्या. माझ्या मते रोस्टमधल्या क्रमाचं महत्त्व याहून चांगलं दुसऱ्या कशाने दिसत नाही.

तेव्हा ‘कार्यक्रमपत्रिका’ नको. ती निमंत्रितांसाठी छापतात. रनिंग ऑर्डर हा विंगेतला कागद : कोण, किती मिनिटं, त्याच्या आधी होस्ट काय बोलणार. ‘क्रमवारी’ही टाळा, तिला गुणानुक्रमाचा वास येतो. ‘सादरीकरणाचा क्रम’ हे साधं आणि अचूक आहे. पडद्यामागची माणसं मराठी बोलतानाही ‘रनिंग ऑर्डर’च म्हणतात, तेही लिहायला हरकत नाही. ज्याचं रोस्ट होतं त्याच्यासाठी मात्र आपला ‘उत्सवमूर्ती’ जसाच्या तसा घ्या.