चार दिवसांचा ताप नव्हताच तो

प्रश्न: इंटर्नशिपमध्ये रात्रपाळीला असा एखादा पेशंट आला होता का, ज्याला सगळे व्हायरल ताप म्हणत होते आणि निघालं दुसरंच?

हो. बेळगावातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी मेडिसिनच्या वॉर्डात इंटर्न होतो. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, डेंग्यूचे दिवस, वॉर्डात पाऊल टाकायला जागा नाही. रात्री दीडच्या सुमारास खानापूर तालुक्यातल्या एका गावाहून सत्तावीस वर्षांचा मुलगा आला. सोबत आई. चिठ्ठीवर लिहिलेलं: व्हायरल फिव्हर, ४ दिवस. डेंग्यू निगेटिव्ह, प्लेटलेट १ लाख १० हजार. प्लेटलेट थोड्या कमी दिसल्या की डेंग्यूच्या दिवसांत दुसरा विचार कुणाच्या मनात येत नाही, आणि त्या रात्री माझ्याही आला नव्हता.

सलाईन लावायला शर्ट वर केला तेव्हा त्याचा करगोटा दिसला. एकाच जागी तीन गाठी मारून आवळलेला, जुनी गाठ मळकी, नवी दोन पांढरी, आणि तरीही तो कमरेवरून खाली घसरलेला. चार दिवसांच्या तापात माणूस एवढा उतरत नाही.

"मावशी, दसऱ्याला ताप होता का ह्याला?"

"होता की ओ. सोनं वाटायला बी गेला न्हाई. संध्याकाळ झाली की आंग तापायचं, पहाटे बनियन पिळून काढावं इतका घाम. चार दिस झाले, थंडी वाजाय लागली, म्हणून दवाखान्यात नेलं."

आधीच्या दवाखान्यात तिला कन्नडमध्ये "एष्टु दिवसा?" विचारलं होतं. तिने थंडी वाजायला लागल्यापासूनचे दिवस सांगितले, आणि तेच चार दिवस चिठ्ठीवरून केसपेपरवर, केसपेपरवरून आमच्या फाईलवर उतरत आले. प्रत्यक्षात निदान पाचवा आठवडा चालू होता. साधा विषाणूचा ताप बहुतेक वेळा आठवड्याभरात उतरतो. दिवसांचा आकडा विचारला तर माणसं गोंधळतात, पण गणपती, दसरा, दिवाळी विचारलं की नेमकं सांगतात.

मग त्याचा श्वास मी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजला. ३४. फाईलवर २० लिहिलेलं होतं, न मोजता लिहिला जातो तोच आकडा. ऑक्सिजन ९२. स्टेथोस्कोप लावला तर छाती स्वच्छ, कुठे करकर नाही, शिट्टी नाही. कोरडा खोकला, बेडका पडत नाही. श्वास इतका जलद आणि छातीत ऐकू काहीच येत नाही, हे जुळेना. न्यूमोनियात सहसा एखाद्या भागात तरी काहीतरी ऐकू येतं.

एक्स-रे आधीच काढलेला होता आणि त्यावर 'नॉर्मल' असा शेरा होता. लांबून पाहिला तर खरंच तसा वाटत होता, कारण पांढरा डाग कुठेच नव्हता. डोळा डागच शोधतो, आणि इथे दोन्ही फुप्फुसं वरपासून खालपर्यंत एकसारखीच बिघडलेली होती, त्यामुळे तुलनेला चांगला भाग शिल्लकच नव्हता. स्क्रीनवर फोटो मोठा केला आणि दोन बरगड्यांमधल्या मोकळ्या जागेत, खालच्या बाजूला, नजर स्थिर ठेवली. तिथे बारीक ठिपके होते. दीड-दोन मिलिमीटरचे, सगळे एका मापाचे, ताटात राळे पसरावेत तसे. हे मिलियरी क्षयाचं चित्र, आणि मिलियरी हे नावही अशाच बारीक दाण्याच्या धान्याच्या लॅटिन नावावरून आलंय. आपल्याकडे राळे म्हणतात, कन्नडमध्ये नवणे. क्षयाचे जंतू एका जागी न राहता रक्तातून सगळीकडे पोचले की जिथे अडकतात तिथे अशी गाठ धरतात: फुप्फुसात, यकृतात, प्लीहेत, हाडांच्या मगजात. मगजात शिरले की प्लेटलेटही कमी होतात. चिठ्ठीवरचा तो आकडा आता मला वेगळा दिसायला लागला.

मी वरच्या रेसिडेंट मॅडमना फोन केला. त्या साडेतीनला आल्या, फोटो बराच वेळ पाहिला आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारला, "काम काय करतोस?"

"उद्यमबागला फाउंड्रीत. साचे फोडून वाळू झटकायची."

त्या माझ्याकडे वळल्या. "मग हा सिलिकोसिस का नाही?"

प्रश्न रास्त होता, वाळूच्या धुळीनेही असे ठिपके येतात. पण त्याला कामाला लागून जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. धुळीचा आजार बहुधा वर्षानुवर्षांच्या कामानंतर दिसतो, ठिपके वरच्या भागात जास्त असतात आणि तो एकटा असा ताप आणत नाही. उलट ती धूळ क्षयाचा धोका वाढवते, म्हणून त्याचं काम ऐकून माझी शंका पक्कीच झाली. मॅडमनी मान हलवली आणि आधी ऑर्डरमधलं लिवोफ्लॉक्सासिन खोडलं. हे महत्त्वाचं आहे. ते औषध क्षयाच्या जंतूंनाही थोडं मारतं. ताप दोन-चार दिवस उतरतो, सगळ्यांना बरं वाटतं, तपासणीत जंतू सापडेनासे होतात आणि निदान आणखी लांबतं.

त्याला खिडकीजवळच्या खाटेवर हलवलं, मास्क दिला, ऑक्सिजन लावला. दोन दिवसांपासून डोकं दुखतंय असं तो म्हणाला होता. मान ताठ नव्हती, तरी मॅडम पाठीतलं पाणी काढायचंच म्हणाल्या, कारण मेंदूच्या आवरणापर्यंत क्षय गेला असेल तर स्टिरॉइड द्यावं लागतं आणि औषधं सहा महिन्यांऐवजी वर्षभर चालतात. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालण्याआधी बाहुल्यांचं माप फाईलवर लिहून ठेवलं, नाहीतर नंतर मेंदूचा त्रास सुरू झाला तर बाहुलीवरून काही कळत नाही. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे तीन आणि डाव्यात एक, फिकट पिवळसर, कडा पुसट असे ठिपके सापडले. फुप्फुसातल्याच गाठी, पण इथे त्या डोळ्यांनी दिसतात. प्रत्येक पेशंटमध्ये त्या सापडत नाहीत, सापडल्या तर मात्र शंकेला फारशी जागा उरत नाही.

पाठीतल्या पाण्यात काही सापडलं नाही. मिठाच्या पाण्याची वाफ देऊन कसाबसा बेडका काढला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात जंतू दिसले नाहीत. मिलियरीत हे नेहमीचं आहे, तेवढ्यावरून क्षय नाही असं म्हणता येत नाही. त्याच नमुन्याची सीबीनॅट, म्हणजे क्षयाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, दुपारी पॉझिटिव्ह आली, आणि जंतू रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद देणारा निघाला. एचआयव्ही आणि साखर तपासली, दोन्ही ठीक. वजन ४४ किलो भरलं, म्हणून चार औषधं एकत्र असलेल्या तीन गोळ्या रोज, त्याच संध्याकाळपासून.

एक सांगतो, सुरुवातीच्या दिवसांत या आजारात एक्स-रे खरोखरच नॉर्मल असू शकतो. ताप चालूच असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा काढावा लागतो, किंवा छातीचं सीटी करावं लागतं. आमच्या पेशंटचा फोटो तसा नव्हता. ठिपके होते, फक्त कुणी जवळून बघितलं नव्हतं.

गोळ्या सुरू होऊन आठ दिवस झाले तरी ताप १०१ वर होता. आई रोज विचारायची, औषध चुकलंय का? चुकलं नव्हतं, या आजारात ताप उतरायला एक-दोन आठवडे लागतात. बाराव्या दिवशी संध्याकाळचा आकडा ९९ आला. तोपर्यंत घरच्यांची तपासणी झाली होती. आईचा फोटो स्वच्छ निघाला. बहिणीला तीन आठवड्यांपासून खोकला होता. तिच्या बेडक्यात क्षय सापडला, तीही त्याच आठवड्यात गोळ्यांवर गेली.