फ्रेंच कागदांचं भाषांतर : स्वॉर्न, सर्टिफाइड की नोटराइज्ड?

प्रश्न : मुलीचा जन्म ल्यों शहरातला, जन्मदाखला फ्रेंचमध्ये. पुण्यातली शाळा म्हणते, 'नोटराइज्ड ट्रान्सलेशन' आणा. भाषांतरकार 'सर्टिफाइड' देतो म्हणतात आणि फ्रान्समधली मैत्रीण म्हणते 'स्वॉर्न'च लागतं. मी नेमकं काय करू?

तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण तिघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळ्या देशांतली कार्यालयं आहेत. फ्रान्स, जर्मनी, स्पेन इथे कोर्ट किंवा सरकार अनुवादकाला नेमतं आणि शपथ देतं. त्याची सही-शिक्का म्हणजे स्वॉर्न भाषांतर. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशी नेमणूकच नाही, म्हणून अनुवादक स्वतः लेखी हमी देतो. ते सर्टिफाइड. भारतातही सरकारने नेमलेले शपथबद्ध अनुवादक नाहीत, त्यामुळे आपल्याकडे अनुवादकाची सही किंवा प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून घेण्याची पद्धत रुळली. ते नोटराइज्ड.

१९५२च्या नोटरी कायद्याने नोटरीला भाषांतर पडताळण्याचाही अधिकार दिला आहे. पण फ्रेंच जाणणारा नोटरी क्वचितच भेटतो. प्रत्यक्षात तो एवढंच सांगतो, की अमुक माणूस माझ्यासमोर आला आणि त्याने सही केली. भाषांतर चुकीचं असलं तरी लाल सील तितक्याच ठळकपणे उमटतं. म्हणून अनुवादक नीट पारखून निवडा, नोटरी त्यानंतर.

शाळेसाठी इंग्रजी भाषांतर, त्याखाली अनुवादकाचं प्रमाणपत्र आणि नोटरीची सही-शिक्का एवढं पुरतं. पण त्याआधी घरातली फाईल उघडा. मुलीचं भारतीय नागरिकत्व तुम्ही पॅरिसच्या दूतावासात नोंदवलं असेल, तर तिथून इंग्रजी जन्मदाखला मिळालेला असतो. (ही नोंद जन्मापासून एका वर्षात करायची असते.) तो शाळेला चालत असेल तर भाषांतराचा खर्च कशाला?

प्रश्न : नागपूरला भाषांतर करून, नोटरी करून आणलेला माझा जन्मदाखला तुलूझच्या प्रीफेक्चरने, म्हणजे तिथल्या सरकारी कार्यालयाने, परत केला. शिक्के तर सगळे होते!

होते, पण फ्रान्स ज्याला ओळखतं तो नव्हता. तिथल्या प्रशासनाला अनुवादक 'एक्सपेर प्रे ला कूर दापेल' म्हणजे अपील न्यायालयाच्या यादीतला तज्ज्ञ हवा असतो. प्रत्येक अपील न्यायालय अशी यादी ठेवतं आणि ती इंटरनेटवर सर्वांना पाहता येते. अनुवादक पहिल्यांदा तीन वर्षांसाठी नेमला जातो, पुढे पाच-पाच वर्षांनी त्याचं नूतनीकरण होतं. तुम्ही तुलूझमध्ये राहता म्हणून अनुवादकही तुलूझचाच हवा असं नाही. पॅरिसच्या यादीतला अनुवादक पूर्ण देशात चालतो, आणि मराठी किंवा हिंदीचा अनुवादक शोधताना ही सोय फार उपयोगी पडते. दाखला मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक असेल तर इंग्रजीच्या अनुवादकाला आधी विचारा, पण फक्त मराठीत असलेला मजकूर किती आहे ते त्याला दाखवा. तो वगळून चालणार नाही.

असं भाषांतर हातात आलं की तीन गोष्टी पाहा. शेवटी मूळ कागदाशी जुळत असल्याचं विधान, सही आणि न्यायालयाचं नाव असलेला गोल शिक्का हवा. भाषांतराला क्रमांक हवा. आणि तोच क्रमांक, तोच शिक्का तुमच्या मूळ कागदाच्या प्रतीवरही हवा, म्हणजे नेमक्या कुठल्या कागदाचं भाषांतर झालं याबद्दल शंका उरत नाही. प्रतीवर काहीच नसेल तर भाषांतर तिथेच परत द्या आणि पुरं करून घ्या. हे कार्यालयाच्या टेबलावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

भारतातल्या अलियॉन्स फ्रॉन्सेजचं भाषांतर चांगलं असतं, पण संस्थेचा शिक्का म्हणजे न्यायालयाची नेमणूक नव्हे.

प्रश्न : आमचं लग्न बोर्दोमध्ये नोंदलं. आता न्यू जर्सीहून ग्रीन कार्डचा अर्ज करतोय. एजंट म्हणतो स्वॉर्न करा आणि वर नोटरीही करा.

दोन्हीची गरज नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा नियम असा, की परभाषेतल्या प्रत्येक कागदासोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर द्यायचं आणि अनुवादकाने लिहून द्यायचं, की हे पूर्ण आणि अचूक आहे, आणि या भाषेतून इंग्रजीत भाषांतर करण्यास मी सक्षम आहे. खाली नाव, सही, पत्ता, तारीख. नियमात नोटरीचा उल्लेख नाही. फ्रेंच चांगलं येणारा सहकारीही हे करू शकतो. स्वतःच्या किंवा पती-पत्नीच्या हातचं मात्र देऊ नका, उगाच शंकेला जागा राहते.

इथे अडचण शिक्क्याची नसते, ती 'पूर्ण' या अटीची असते. फ्रेंच दाखल्याच्या समासात नंतरच्या नोंदी चढवल्या जातात : लग्न, घटस्फोट, नावातला बदल. समजा, तुमच्या पतीच्या जन्मदाखल्याच्या समासात आधीच्या लग्नाची आणि त्या घटस्फोटाची नोंद आहे. अनुवादकाने मुख्य मजकूर केला आणि समास सोडला, तर अधिकाऱ्याला घटस्फोट दिसणारच नाही, आणि अर्जात तुम्ही लिहिलेल्या आधीच्या लग्नाशी कागद जुळणार नाही. मग जादा कागदांची नोटीस येते आणि महिने जातात. समासात 'नेऑं' लिहिलेलं असेल, म्हणजे नोंद नाही, तर तेही भाषांतरात यायला हवं. गोल शिक्क्यातला मजकूर चौकोनी कंसात लिहायचा, आणि वाचता न येणाऱ्या जागी 'अवाच्य' असं स्पष्ट नोंदवायचं. अंदाजाने भरायचं नाही.

प्रश्न : स्टुटगार्टमध्ये मुलाचा फ्रेंच जन्मदाखला द्यायचा आहे. जर्मन स्वॉर्न अनुवादक महाग सांगतोय.

अनुवादक बाजूला ठेवा आणि जिथे जन्म नोंदला त्या मेरीला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, 'एक्स्त्रे प्ल्युरिलँग' मागा. हा बहुभाषी छापील नमुन्यातला उतारा असतो आणि त्यात जर्मन असते. १९७६च्या व्हिएन्ना करारानुसार तो सदस्य देशांत भाषांतराशिवाय आणि कायदेशीरीकरणाशिवाय, म्हणजे कागद खरा असल्याच्या वेगळ्या सरकारी शिक्क्याशिवाय, चालतो. फ्रान्स आणि जर्मनी दोघंही त्यात आहेत, भारत नाही. समासातल्या नोंदी पूर्ण लागणार असतील, किंवा कार्यालय पूर्ण प्रतच मागत असेल, तर मात्र स्वॉर्न भाषांतर लागू शकतं.

प्रश्न : टोरांटोला पीआरचा अर्ज करतोय. पॅरिसच्या पदवीचं इंग्रजी करावं लागेल का?

फेडरल इमिग्रेशनसाठी नाही. कॅनडात फ्रेंच ही राजभाषा आहे. तुमचे मराठी कागद मात्र कॅनडातल्या प्रमाणित अनुवादकाकडून, नाहीतर अनुवादकाच्या प्रतिज्ञापत्रासह द्यावे लागतील. ते तुम्ही किंवा नातेवाइकाने केलेले चालत नाहीत, मग तो कितीही निष्णात असो.

प्रश्न : फ्रेंच विवाहदाखला भारतात वापरायचा आहे. आधी अपोस्टील की आधी भाषांतर?

आधी अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशासाठीचं अधिकृत प्रमाणपत्र, आणि तेही मूळ दाखल्यावर, फ्रान्समध्येच. भारत आणि फ्रान्स दोघंही अपोस्टील मान्य करणाऱ्या हेग करारात आहेत, म्हणून अपोस्टील पुरतं. २०२५पासून तिथे ते काम नोटेरकडे, म्हणजे फ्रेंच नोटरीकडे, आलं आहे, पूर्वी अपील न्यायालयातून होत असे. अपोस्टील चिकटला की तोही कागदाचा भाग होतो, म्हणून त्यासकट सगळ्याचं भाषांतर करा. उलट क्रमाने गेलात तर अपोस्टीलचं भाषांतर राहतं आणि पुन्हा पैसे मोजावे लागतात. दाखला ताजा काढून मगच पाठवा, कारण अनेक कार्यालयं तीन महिन्यांपेक्षा जुनी प्रत घेत नाहीत. एकदा अपोस्टीलसह भाषांतर झाल्यावर नवी प्रत आणावी लागली तर दोन्ही खर्च पुन्हा होतात. नोटरी शेवटी, आणि तीही तुमच्या कार्यालयाने लेखी मागितली असेल तरच.